दाताच्या एनॅमलमधला कार्बन-१४ आणि अनोळखी मृतदेहाचं जन्मवर्ष: दोन उत्तरांतून एक कसं निवडायचं?

अनुराधा_न्यायवैद्यक

अनोळखी सांगाड्याच्या दातातून जन्मवर्ष काढता येतं हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मापनातून हाती येणारा आकडा मात्र एक नव्हे, दोन वर्षांकडे बोट दाखवतो, हा भाग सहसा सांगितला जात नाही. म्हणून हा धागा.

१९५५ ते १९६३ या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटनने उघड्या वातावरणात मोठे अणुस्फोट केले. त्यांतल्या न्यूट्रॉनांनी हवेतल्या नायट्रोजनचा कार्बन-१४ बनवला. त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तो पिकांत उतरला आणि अन्नातून माणसात आला. उत्तर गोलार्धात १९६३-६४ च्या सुमारास हे प्रमाण स्फोटांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झालं. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला, वातावरणातल्या चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि आलेख खाली येऊ लागला. म्हणजे डोंगराची एक बाजू उभी, आठेक वर्षांची. दुसरी बाजू लांब, हळूहळू उतरणारी, पन्नासहून अधिक वर्षांची.

दाताचं एनॅमल एकदा तयार झालं की त्यातला कार्बन बदलला जात नाही. हाड आयुष्यभर झिजतं-भरतं, एनॅमल तसं करत नाही. त्यामुळे दात ज्या वर्षांत घडला त्या वर्षांतल्या अन्नाचा कार्बन-१४ तिथेच राहतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिलं. २२ व्यक्तींच्या ३३ दातांवर काम होतं आणि सरासरी चूक सुमारे १.६ वर्षांची निघाली.

एक सुटलेलं प्रकरण घेऊ. १९६८ साली उत्तर कॅनडात नदीकाठी एका लहान मुलाची कवटी सापडली. ओळख पटली नाही. २००५ साली प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात तपासणी झाली. कवटीची मापं, हाडांची जुळणी आणि दातांची वाढ यांवरून मृत्यूच्या वेळचं वय ४.४ वर्षं, एक वर्ष इकडे-तिकडे, असं ठरलं. दोन दातांच्या एनॅमलमधून जन्म १९५८ ते १९६२ मधला निघाला. डीएनएवरून मुलगा असल्याचं कळलं, आणि आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एका जिवंत नातेवाइकाशी जुळला. कवटी सापडल्यानंतर ४१ वर्षांनी कायदेशीर ओळख पटली.

या प्रकरणात दोन उत्तरांपैकी एक आपोआप गळालं. चढत्या बाजूवर जे मूल्य १९६० च्या आसपास येतं, तेच उतरत्या बाजूवर फार पुढे, १९६८ नंतर येतं. कवटी १९६८ मध्येच हाती होती, म्हणून ती बाजू शक्यच नव्हती. ‘कधी सापडलं’ ही साधी नोंद इथे पुरावा ठरली. पण सांगाडा आज सापडला असेल तर ही सोय नसते. तेव्हा काय करायचं, ते बोलू.

---

शेखर_कु

छान विषय. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ ५७३० वर्षं असतो ना? मग दातात अडकलेला कार्बन-१४ जसा हळूहळू क्षय पावतो तसा तो मोजून वर्ष काढतात, असंच ना? पुरातत्त्वात करतात तेच, फक्त अलीकडच्या काळासाठी.

आणि एक शंका. भारतात १९७४ आणि १९९८ साली पोखरणला चाचण्या झाल्या. आपल्याकडच्या लोकांच्या दातांत त्यांचा वेगळा टप्पा दिसत असेल?

---

अनिकेत_एएमएस

शेखर, मोजण्याचं यंत्र आणि मूलद्रव्य तेच, पण घड्याळ वेगळं आहे. साठ वर्षांत क्षयाने कार्बन-१४ एक टक्क्याहूनही कमी घटतो. तेवढ्यावर जन्मवर्ष काढता येणार नाही. इथे आपण क्षय वाचत नाही, वातावरणातलं त्या-त्या वर्षीचं प्रमाण वाचतो. आलेख खाली आला तोही क्षयामुळे नाही. जादा कार्बन-१४ समुद्रात आणि झाडा-मातीत विरत गेला, आणि वर कोळसा-पेट्रोल जाळून आपण कार्बन-१४ अजिबात नसलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत गेलो.

पोखरणच्या दोन्ही चाचण्या भूमिगत होत्या. त्यांचा टप्पा आलेखात दिसत नाही.

आता आकडे. मापनाचा निकाल ‘एफ१४सी’ या गुणोत्तरात येतो. १९५० च्या प्रमाण पातळीला १ धरायचं. उत्तर गोलार्धासाठी ढोबळमानाने १९५८ ला १.१५, १९६२ ला १.३५ च्या पुढे, १९६४ ला १.८५ च्या वर. मग उतार: १९७० ला १.५३, १९७८ ला १.३३, १९९० ला १.१५, २००० ला १.०९, २०१० ला १.०४-१.०५. प्रत्यक्ष कामात हे आकडे डोक्यातून वापरू नका, ऑक्सकॅल किंवा कॅलिबॉम्ब या संगणक-प्रोग्रामांत आपल्या विभागाचा आलेख निवडून काढा. पण गणिताचा अंदाज येण्यासाठी पुरेसे आहेत.

समजा प्रौढाचा सांगाडा आहे आणि पहिल्या दाढेच्या एनॅमलचं मूल्य १.३३ आलं. ते १९६२ च्या सुरुवातीचं असू शकतं किंवा १९७७-७८ चं. एका दाढेवर थांबलात तर जन्मवर्षात सोळा वर्षांची दरी राहते आणि हरवलेल्यांच्या यादीत दोन वेगळ्या पिढ्या शोधाव्या लागतात.

त्याच जबड्यातली अक्कलदाढ मोजा. समजा ती १.१६ आली. म्हणजे १९५८ किंवा १९८९. आता चार जोड्या होतात. पहिली दाढ १९६२ आणि अक्कलदाढ १९५८ अशक्य, कारण अक्कलदाढ आधी घडत नाही. १९६२ आणि १९८९ मध्ये सत्तावीस वर्षं होतात, तेही अशक्य. १९७७ आणि १९५८ उलटी. उरली १९७७-७८ आणि १९८९, अकरा-बारा वर्षांचं अंतर, आणि या दोन दाढांच्या एनॅमलमध्ये साधारण तेवढंच अंतर असतं.

थोडक्यात नियम: उशिरा घडलेल्या दाताचं मूल्य कमी आलं तर उतरती बाजू, जास्त आलं तर चढती. शिखराच्या दोन्ही अंगांना एकेक दात पडला तर मात्र हा नियम चालत नाही, तेव्हा वरच्यासारख्या सगळ्या जोड्या मांडाव्या लागतात.

---

मृण्मयी_दंत

दातांच्या बाजूने थोडी भर घालते. मापनातून एनॅमल घडल्याचं वर्ष मिळतं, त्यातून दात घडण्याचं वय वजा केलं की जन्मवर्ष. ही वजाबाकी चुकली तर अनिकेतदादांचं सगळं गणित घसरतं.

कोणता दात हाती आहे हे नक्की ठरवणं ही पहिली पायरी. कायमच्या पहिल्या दाढेचं एनॅमल जन्माच्या सुमारास सुरू होऊन अडीच-तीन वर्षांत पुरं होतं. मधल्या पटाशीच्या दातांचं चार-पाच वर्षांपर्यंत, सुळ्याचं सहा-सात, उपदाढांचं पाच ते सात, दुसऱ्या दाढेचं सात-आठ. अक्कलदाढेचं बारा ते सोळा, आणि तिच्यात माणसागणिक फरक सगळ्यांत जास्त. सुटी सापडलेली दाढ पहिली की दुसरी हे ओळखण्यात गोंधळ झाला तर जन्मवर्ष पाच वर्षांनी सरकतं. मापन कितीही अचूक असो, ही चूक त्यात दिसत नाही. म्हणून दात जबड्यातून काढण्याआधी एक्स-रे आणि फोटो घ्यायचे, दाताचा क्रमांक लिहायचा, मगच हात लावायचा.

जोडी निवडताना वरच्या उदाहरणासारखं पहिली दाढ आणि अक्कलदाढ उत्तम, कारण अंतर मोठं. अक्कलदाढ नसेल तर पहिली आणि दुसरी दाढ. पटाशीचा दात आणि पहिली दाढ ही जोडी कमी कामाची, दोन्ही जवळपास एकाच काळात घडतात आणि फरक मापनाच्या चुकीत बुडू शकतो.

मोजायला दात नष्ट होतो, हे आधीच सगळ्यांना सांगायला हवं. मुळाचा भाग डीएनएसाठी वेगळा ठेवा. दाताचं शिखर, म्हणजे वरचा भाग, एनॅमलच्या कडेपाशी कापलं की खालचं मूळ डीएनएच्या लोकांना देता येतं. एकाच दातातून दोन्ही कामं होतात.

---

अनिकेत_एएमएस

मृण्मयीताईंचा मुद्दा अगदी बरोबर. पुढची तयारी लिहितो, कारण बिघडतं ते इथेच.

कापलेलं शिखर १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवतात. आतलं डेंटिन मऊ पडतं, ते दंतवैद्यकीय ड्रिलने खरवडून काढायचं, द्रावण बदलायचं, पुन्हा ठेवायचं. तीन ते पाच दिवस हे चालतं. डेंटिनचा कणही राहू द्यायचा नाही. एनॅमलमध्ये कार्बन जेमतेम ०.४ टक्के असतो, डेंटिनमध्ये कोलॅजेन या प्रथिनामुळे कितीतरी जास्त, आणि ते नंतरच्या वर्षांचं असतं. मग पाण्याने धुवून सुमारे ६५ अंशांवर रात्रभर वाळवायचं. त्यानंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून वरचा थर विरघळवायचा, म्हणजे मातीतून चिकटलेलं कार्बोनेट आणि खुद्द सोडियम हायड्रॉक्साइडने हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ही पायरी घाईत उरकली की जुने दात नवे दिसू लागतात.

एनॅमलचे तुकडे करायचे, पण पिठासारखी पूड करू नका. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग मोठा आणि हवेतला आजचा कार्बन डायऑक्साइड तितका जास्त चिकटतो. १०० ते १५० मिलिग्रॅम तुकडे निर्वात नळीत फॉस्फोरिक आम्लाने विरघळवतात. जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन मिळतो. तो लोखंडाच्या पुडीवर ग्रॅफाइट म्हणून बसवून त्वरक वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे एएमएसमध्ये, मोजतात.

अर्ध्या मिलिग्रॅमला परका कार्बन किती महागात पडतो ते पाहा. दातात रेझिनचं फिलिंग असेल किंवा तुटलेला जबडा कुणी गोंदाने जोडला असेल, तर तो कार्बन पेट्रोलियममधला असतो, त्यात कार्बन-१४ नसतो. नमुन्यात तो ३ टक्के शिरला तर १.३३ चं १.२९ होतं, साधारण दोन वर्षांची चूक. तोच ३ टक्के १९९४ च्या नमुन्यात शिरला तर १.१२ चं १.०८६ होतं आणि वर्ष २००० च्या पुढे जातं. उतार मंद असल्यामुळे नव्या दातांत तीच घाण सहा-सात वर्षं खाते.

उलट दिशेची चूक म्हणजे जैववैद्यकीय प्रयोगशाळेत कार्बन-१४ लावलेली रसायनं वापरलेली असणं. तिथल्या टेबलावर, तिथल्या ड्रिलने दात तयार केला तर नमुना कायमचा गेला. मूल्य २ च्या वर आलं तर निसर्गात तसं काही नाही, घाण आहे हे लगेच कळतं. पण हलकी घाण १.२ चं १.३ करून गेली तर एका दातावरून कळणार नाही. दोन दात लागतात याचं हे दुसरं कारण: दोघांचं जन्मवर्ष जुळलं नाही तर कुठेतरी चूक आहे. आणि प्रत्येक खेपेला जन्मतारीख माहीत असलेला एक दात सोबत चालवायचाच.

---

रानवाटा

आमच्याकडे कोकणात गावातली जुनी विहीर उपसताना मागे कवटी निघाली होती. लोक म्हणतात पेशवाईच्या काळची, काही म्हणतात अलीकडची. यावर ही चाचणी चालेल का? आणि दुसरं, आमच्या घरी आजोबांच्या अस्थी तांब्यात ठेवलेल्या आहेत. त्यांचं जन्मवर्ष कुठे लिहिलेलं नाही, त्या अस्थींवरून काढता येईल का?

---

अनुराधा_न्यायवैद्यक

रानवाटा, दोन प्रश्न वेगळे आहेत.

विहिरीतली कवटी आधी पोलिसांकडे नोंदवलेली असायला हवी. नसेल तर पोलीस पाटलांना कळवा, पंचनामा होऊ द्या, कुणी घरी नेऊन धुवू-घासू नका. चाचणी इथे एका प्रश्नाचं उत्तर खात्रीने देईल: दात १९५५ च्या आधी घडला की नंतर. एनॅमलचं मूल्य १ च्या जरा खाली आलं तर दात अणुस्फोटांआधीचा. अक्कलदाढसुद्धा तशी आली तर ती व्यक्ती साधारण १९४३ च्या आधी जन्मलेली. त्यापलीकडे पेशवाई की १९२०, हे या पद्धतीने सांगता येत नाही. पण पोलिसांसाठी तेवढंही पुष्कळ आहे.

अस्थींवरून नाही. चितेच्या उष्णतेत एनॅमल फुटून उडतं, आणि भाजलेल्या हाडाच्या कार्बोनेटमध्ये जळत्या लाकडाचा कार्बन शिरतो. जे मोजलं जाईल त्यात लाकडाचा मोठा वाटा असेल. शिवाय हा धागा ज्यांची ओळखच नाही अशांबद्दल आहे. आजोबांसाठी शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवही, कोतवाल बुक यांतून अधिक नेमकं मिळेल.

---

गोदाकाठ

कोकणाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. समुद्राच्या पाण्यात कार्बन-१४ कमी असतो असं वाचलंय. मग रोज मासे खाणाऱ्या मालवणच्या माणसाचं आणि ज्वारी खाणाऱ्या आमच्या बीडच्या माणसाचं जन्मवर्ष एकाच आलेखावरून कसं काढणार? कोकणातल्या माणसाची चाचणी निरुपयोगीच म्हणायची.

---

अनिकेत_एएमएस

प्रश्न चांगला, निष्कर्ष जरा घाईचा. समुद्राच्या वरच्या थरात बॉम्बचा कार्बन-१४ कमी पोचला आणि उशिरा पोचला, हे खरं. त्यामुळे मासे खाणाऱ्याचं मूल्य त्या काळात खाली ओढलं जातं. उतरत्या बाजूवर तो आहे त्यापेक्षा तरुण दिसेल, चढत्या बाजूवर मोठा दिसेल.

पण किती? एनॅमलमधला कार्बन रक्तातल्या बायकार्बोनेटमधून येतो आणि त्यात खाल्लेलं सगळं मिसळतं: भात, नारळ, तेल, मासे. मालवणच्या मुलाच्या ताटातही कार्बनाचा मोठा वाटा भाताचा असतो. कोलॅजेनमध्ये मात्र प्रथिनांचा वाटा जास्त, म्हणून तिथे माशांचा प्रभाव ठळक येतो. एनॅमल निवडण्याचा हाही एक फायदा.

खरा फसवा भाग तुमच्या ज्वारीत आहे. सागरी आहार ओळखायला लोक कार्बन-१३ पाहतात. मासे खाल्ले की तो वाढतो. पण ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्यामुळेही वाढतो. युरोपात बसून कुणी बीडच्या दाताचा कार्बन-१३ पाहिला तर ‘सागरी आहार, दुरुस्ती करा’ असं म्हणेल आणि बरोबर असलेलं वर्ष बिघडवेल. ज्वारीमुळे कार्बन-१४ चं वर्ष हलत नाही, कारण एफ१४सी काढताना कार्बन-१३ वरून ती दुरुस्ती आधीच केलेली असते. सागरी आहाराची शंका असेल तर डेंटिनच्या कोलॅजेनमधला नायट्रोजन-१५ सोबत पाहा, ज्वारीने तो माशांसारखा चढत नाही.

---

समीर_ठाणे

आलेख कुठला घ्यायचा हे कुणी बोललं नाही. ऑक्सकॅल उघडलं की विभाग विचारतो. भारतासाठी ‘उत्तर गोलार्ध’ एवढं पुरतं का?

---

अनिकेत_एएमएस

नाही पुरत, निदान साठच्या दशकासाठी तरी नाही. बहुतेक स्फोट उत्तरेकडच्या अक्षांशांवर झाले. तिकडे शिखर दुपटीच्या जवळ गेलं, दक्षिण गोलार्धात ते १.६५ च्या आसपास राहिलं. भारतात मोसमी वारे उन्हाळ्यात दक्षिणेकडची हवा आणतात, म्हणून आपण या दोहोंच्या मध्ये पडतो. प्रचलित विभागणीत आपला भाग उत्तर गोलार्धाच्या तिसऱ्या विभागात येतो, तो निवडा. युरोपचा आलेख वापरलात तर १९६३ ते १९६८ च्या आसपासच्या दातांत घोळ होतो. सत्तरच्या दशकापासून विभागांमधला फरक झपाट्याने कमी होतो आणि पुढे ही निवड फारशी जाणवत नाही.

समीर, तुमच्या ठाणे जिल्ह्यातल्या सागाच्या वर्षवलयांवर हे मापन झालेलं आहे. मुंबई परिसरातल्या इंधनाच्या धुरामुळे तिथली मूल्यं काहीशी खाली ओढलेली दिसतात. पण ठाण्यातलं मूल ठाण्याची हवा खात नाही, दुसऱ्या जिल्ह्यातला तांदूळ आणि गहू खातं. म्हणून शहराजवळचं झाड हा दातासाठी योग्य आलेख नाही.

---

देशमुख_निवृत्त_पीआय

वाचतोय. तपासाच्या बाजूने दोन प्रश्न. पहिला: आम्हाला जन्मवर्षाइतकंच मृत्यूचं वर्ष हवं असतं, कारण हरवल्याची नोंद त्या वर्षाच्या आसपास शोधायची असते. ते हाडातून मिळेल का? दुसरा: वैद्यकीय अधिकारी दाताच्या झिजेवरून ‘३५ ते ४५’ असं वय देतातच. मग हे जास्तीचं कशासाठी?

---

अनुराधा_न्यायवैद्यक

साहेब, दुसऱ्यापासून सुरुवात करते. ‘३५ ते ४५’ हे मृत्यूच्या वेळचं वय आहे. सांगाडा पाच वर्षांपूर्वीचा की पंचवीस वर्षांपूर्वीचा हे माहीत नसेल, तर त्या वयावरून जन्मवर्ष काढता येत नाही. एनॅमल उलट काम करतं: मृत्यू केव्हाही झालेला असो, जन्मवर्ष तेच राहतं. दोन्ही हाती आले की बेरीज करायची. जन्म १९७६ आणि वय चाळीसच्या आसपास, तर मृत्यू २०११ ते २०२१ मध्ये.

ही पट्टी अरुंद करायची असेल तर वयाचा अंदाज सुधारावा लागतो. त्यासाठी दातातल्या ॲस्पार्टिक आम्लाचं एका रूपातून दुसऱ्या रूपात होणारं संथ रूपांतर मोजतात. ते जिवंत माणसाच्या तापमानाला वयाबरोबर चालतं आणि मृत्यूनंतर थंडीत जवळपास थांबतं. २०१० साली कॅरोलिन्स्काच्याच गटाने ४१ व्यक्तींच्या ४४ दातांवर दोन्ही पद्धती चालवल्या. कार्बन-१४ ची सरासरी चूक एका वर्षाची, ॲस्पार्टिकची ५.४ वर्षांची. आपल्याकडच्या उन्हात पडून राहिलेल्या सांगाड्यात ते रूपांतर मृत्यूनंतरही चालू राहू शकतं, म्हणून स्वीडनचा आकडा जसाच्या तसा धरू नये.

हाडातून मृत्यूवर्ष थेट मिळत नाही. प्रौढाच्या मांडीच्या हाडात दहा-वीस वर्षांपूर्वीचा कार्बनही टिकून असतो, मूल्य मागची सरासरी सांगतं. केस किंवा नखं राहिली असतील तर ती मृत्यूआधीच्या काही महिन्यांची असतात. सांगाड्याजवळ केसांचा गुंता असेल तर तो फेकू देऊ नका, वेगळ्या कागदी पाकिटात घ्या.

---

मृण्मयी_दंत

एक मुद्दा अजून मला नीट पटलेला नाही, अनिकेतदादा. वजाबाकी करताना तुम्ही एनॅमल पुरं होण्याचं वय घेता की घडणीचं मधलं वय? पहिल्या दाढेत फरक दीड वर्षाचा, अक्कलदाढेत दोन-तीन वर्षांचा. मापन तर त्या सगळ्या काळाच्या सरासरीचं होतं.

---

अनिकेत_एएमएस

यावर प्रयोगशाळांमध्ये एकमत नाही. पुरं होण्याचं वय घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की एनॅमल आधी मऊ साच्यासारखं पडतं आणि बहुतेक खनिज नंतरच्या पक्व होण्याच्या टप्प्यात भरतं. म्हणून बराचसा कार्बन शेवटच्या काळातला असतो. मधलं वय घेणारे म्हणतात, कापलेल्या तुकड्यांत टोकाचं लवकर पक्व झालेलं एनॅमल जास्त असतं.

वरच्या उदाहरणावर दोन्ही चालवून पाहा. पुरं होण्याचं वय धरलं तर पहिल्या दाढेचं १९७७.५ वजा ३, म्हणजे १९७४.५. अक्कलदाढेचं १९८९ वजा १३.५, म्हणजे १९७५.५. मधलं वय धरलं तर १९७६ आणि साधारण १९७८. शिवाय अन्न पिकून पोटात जाईपर्यंत काही महिने ते वर्ष जातं, त्यामुळे खरं जन्मवर्ष थोडं पुढेच असतं. म्हणून मी तरी अहवालात ‘१९७५-७६, कमाल दोन वर्षांची चूक’ असं लिहीन आणि कुठली वजाबाकी केली तेही लिहीन. चढत्या बाजूवर प्रश्न अवघड होतो, कारण १९६१ ते १९६४ मध्ये घडलेल्या दाढेत १.२ पासून १.८ पर्यंतची मूल्यं एकत्र मिसळतात आणि सरासरी कुठल्याच एका वर्षाची नसते.

---

मृण्मयी_दंत

म्हणजे आपल्याकडच्या जन्मतारीख माहीत असलेल्या, काढून टाकलेल्या अक्कलदाढांवर दोन्ही वजाबाक्या तपासल्याशिवाय हे सुटणार नाही. दंत महाविद्यालयांत त्या रोज निघतात. संमती घेऊन जन्मवर्ष, बालपणीचा जिल्हा आणि आहार एवढं टिपलं तरी काम होईल.

---

देशमुख_निवृत्त_पीआय

आणि मापन भारतात होतं का, की परदेशी पाठवायचं?

---

अनिकेत_एएमएस

यंत्रं आहेत, साहेब. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य काम भूविज्ञान आणि पुरातत्त्वाचं. त्यामुळे दात पाठवताना ‘१९५५ नंतरचा नमुना’ असं ठळक लिहा. प्राचीन नमुन्यांच्या रांगेत बॉम्बकाळातला दात गेला तर आधीच्या-नंतरच्या नमुन्यांनाही त्याचा थोडा संसर्ग पोचू शकतो, आणि प्रयोगशाळेला तो क्रम आधी ठरवावा लागतो.

---

अनुराधा_न्यायवैद्यक

साहेब, शवविच्छेदनाच्या टेबलावर काय ठेवायचं ते लिहून टाकते, बाकी चर्चा चालू राहू दे. बेवारस मृतदेहाचा अंत्यविधी होण्याआधी एका बाजूची पहिली आणि दुसरी दाढ, आणि असेल तर अक्कलदाढ, काढून ठेवा. फिलिंग केलेली किंवा किडलेली दाढ टाळा, दुसऱ्या बाजूची घ्या. फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, मुळाचा डीएनए त्याने खराब होतो. साध्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, प्रत्येक दात वेगळ्या कागदी पाकिटात, वर दाताचा क्रमांक आणि अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक. गोंद, टेप, प्लास्टिकची पिशवी दाताला लागू देऊ नका. मुद्देमालाच्या नोंदीत ‘दात’ एवढंच न लिहिता कोणता, कोणत्या बाजूचा, हे लिहा. दहा वर्षांनी प्रकरण उघडलं तर ती दाढ पहिली की दुसरी हे त्या नोंदीवरूनच ठरणार आहे.